पायावर पाय टाकू नका, आणि मग आकडा पाठवा

नमस्कार मंडळी. मला इथे ब्लड प्रेशरवर बोलायला सांगितलंय, पण मी खरं तर आमच्या फॅमिली ग्रुपवर टाकलेल्या एका मेसेजबद्दलच बोलणार आहे, कारण तो मेसेज टाकताना मी स्वतःच एक गोष्ट विसरले होते आणि मी वीसेक वर्षं ओपीडीत रोज बीपी मोजणारी बाई आहे, म्हणजे मला विसरायचा हक्कच नव्हता.

मेसेज एवढाच होता. "तिशी ओलांडलेल्या सगळ्यांनी वर्षातून निदान एकदा बीपी मोजायचं. शेवटचं कधी मोजलं होतं ते इथे लिहा." दुसरं वाक्य मी मुद्दाम घातलं होतं. नुसतं "तब्येत सांभाळा" टाकलं की अंगठे येतात, हात जोडलेले येतात, आणि विषय खाली सरकून जातो. तारीख विचारली की माणूस अडकतो. तसंच झालं. तासाभर ग्रुप गप्प, मग एकेक करून "गरोदरपणात", "ऑपरेशनच्या वेळी", "विम्याच्या मेडिकलला", आणि धाकट्यांपैकी तिघांनी सरळ लिहिलं, कधीच नाही. सगळ्यांच्या मागे शेपूट एकच, "पण मला काही त्रास नाहीये."

आता हा त्रासाचा मुद्दा एकदाच सांगते आणि पुढे जाते. बीपी वाढलं की डोकं दुखतं, चक्कर येते, चेहरा लाल होतो असं आपण धरून चाललोय. बहुतेकांना यातलं काहीच होत नाही. रक्तवाहिनीच्या भिंतीवर दाब वाढला तरी तो आतून कळत नाही, वर्षानुवर्षं कळत नाही, आणि त्या काळात हृदयाचा स्नायू जाड होत जातो, किडनीची बारीक जाळी खराब होत जाते, डोळ्याच्या पडद्यामागच्या वाहिन्या बदलतात. त्रास होईल तेव्हा मोजू म्हणणाऱ्याला कधीकधी पहिला त्रास म्हणून थेट पॅरालिसिसचा झटकाच येतो. म्हणून त्रास नसताना मोजायचं, एवढंच.

तर मेसेजनंतर दोन दिवसांनी ग्रुपवर फोटो यायला लागले, मशीनच्या स्क्रीनचे. मला बरं वाटलं. मग माझ्या चुलतभावाचा फोटो आला, वय ३६, आकडा १४८/९४. खाली त्यानेच लिहिलं होतं, "ताई, मशीन बिघडलंय गं." आणि त्याच्या खाली काकांचा सल्ला, अजून दोनदा घे आणि सगळ्यात कमी येईल तो धर. काका स्वतः तसंच करतात, हे मला त्या दिवशी कळलं.

मी फोटो मोठा करून बघितला. स्क्रीनच्या कडेला त्याचा हात दिसत होता. पट्टा शर्टाच्या बाहीवरून गुंडाळलेला, हात मांडीवर, आणि पट्ट्याचं वेल्क्रो कसंबसं टोकाला चिकटलेलं. फोन केला तर म्हणाला जिना चढून आलो आणि लगेच लावलं, आणि मोजताना बायकोशी बोलत होतो. तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी "मोजा" लिहिलं पण "असं मोजा" लिहिलंच नाही.

एकेक बघू, कारण यात प्रत्येक गोष्ट आकडा हलवते. हात मांडीवर होता म्हणजे पट्टा हृदयाच्या पातळीपेक्षा खाली होता. पाण्याच्या टाकीसारखंच आहे हे, नळ जितका खाली तितका दाब जास्त. हात हृदयापेक्षा १० सेंटिमीटर खाली गेला की आकडा साधारण सात-आठने वाढतो, आणि मांडीवर ठेवलेला हात सहज त्याहून खाली असतो. टेबलावर हात टेकवला, दंडावरचा पट्टा छातीच्या मध्याच्या उंचीला आला, की हा खोटा भाग गळून जातो. हात टेकलेला पाहिजे मात्र, हवेत उचलून धरला तर स्नायू ताणले जातात आणि परत आकडा चढतो.

पट्ट्याचं लोक सगळ्यात कमी ऐकतात. माझा भाऊ दणकट आहे, दंडाचा घेर ३५ सेंटिमीटर. मशीनबरोबर आलेल्या पट्ट्यावर छापलं होतं २२ ते ३२, म्हणजे त्याला तो लहानच. लहान पट्ट्यात फुगणारी पिशवी आखूड असते, ती जाड दंडातली धमनी दाबायला जास्त हवा मागते, आणि मशीनला वाटतं बीपीच जास्त आहे. उलट बारीक दंडाला फार मोठा पट्टा लावला तर आकडा खरा असेल त्यापेक्षा कमी येऊ शकतो. त्यामुळे शिवणकामाची टेप घ्या, खांदा आणि कोपर यांच्या मधोमध घेर मोजा आणि पट्ट्यावर छापलेल्या आकड्यांशी जुळवा, दोन मिनिटांचं काम आहे. आणि उघड्या दंडावर लावा. ओपीडीत गर्दी असली की आम्हीही बाहीवरून लावलंय, मी पण लावलंय, कबूल करते, बाही वर सरकवून तिचा आवळ फास करणं तर त्याहून वाईट.

बोलण्याचं म्हणाल तर घरचं डिजिटल मशीन काही ऐकत नसतं बरं का, म्हणजे आम्ही स्टेथोस्कोपने ठोके ऐकतो तसं नाही. ते पट्टा फुगवतं आणि मग हवा सोडताना प्रत्येक ठोक्याला पट्ट्यात जे बारीक हेलकावे येतात ते मोजतं आणि त्यावरून वरचा-खालचा आकडा हिशोबाने काढतं. तुम्ही हललात तर तो हिशोब बिघडतो, आणि बोललात तर बीपीच खरोखर चढतं, थोडं का होईना. ज्यांचे ठोके अनियमित पडतात त्यांनी तर घरच्या एका आकड्यावर अजिबात भिस्त ठेवू नये, त्यांचं हाताने, ऐकून मोजून घ्यावं.

मग त्याला मी दुसरा मेसेज केला, हा मी पहिल्याच दिवशी टाकायला हवा होता. मोजायच्या आधी अर्धा तास चहा-कॉफी नाही, सिगारेट नाही, व्यायाम नाही. लघवीला जाऊन या, भरलेल्या मूत्राशयानेही बीपी वाढतं. खुर्चीत पाठ टेकून बसा, पाय जमिनीवर, पायावर पाय नाही, आणि पाच मिनिटं काहीही न करता बसा, फोनसुद्धा नाही. मग मोजा, एक मिनिट थांबा, परत मोजा, दोन्ही लिहा. पहिल्यांदा मोजताय तर दोन्ही हातांवर बघा, थोडा फरक असतोच, ज्या हातावर जास्त येतं तो हात पुढे कायम ठेवा. फरक दहाच्या वर आणि दरवेळी तसाच येत असेल तर डॉक्टरांना सांगा.

त्याने मोठा पट्टा आणला आणि त्याच संध्याकाळी नीट बसून मोजलं, १३९/८९. म्हणजे नऊने उतरलं. ग्रुपवर टाळ्या. काका म्हणाले, बघ, १४० च्या आत, झालं काम. इथे मी जरा कडक झाले.

कारण १४०/९० ही हद्द दवाखान्यात मोजलेल्या बीपीची आहे, तीही एकदा नाही, वेगवेगळ्या दिवशी मोजून. घरी माणूस निवांत असतो म्हणून घरच्या सरासरीची हद्द खाली आहे, १३५/८५. काही ठिकाणचे डॉक्टर याहूनही कमी आकडा धरतात, अमेरिकेत २०१७ पासून १३०/८० धरतात, पण आपण सैल हद्द घेतली तरी १३९/८९ तिच्या बाहेरच आहे. आणि मुळात एका आकड्यावर हो किंवा नाही म्हणायचंच नाही. सात दिवस, सकाळी दोनदा, संध्याकाळी दोनदा, पहिला दिवस सोडून द्यायचा कारण त्या दिवशी माणूस धास्तावलेला असतो, उरलेल्या सहा दिवसांचे चोवीस आकडे, त्यांची सरासरी.

त्याने वही केली, मला आवडलं. एका दिवसाचं पान मला आठवतंय, सकाळी १४१/९० आणि १३६/८८, संध्याकाळी १३४/८७ आणि १३१/८५. बघा, एकाच दिवसात एकाच माणसाचे चार आकडे, वरचा दहाने इकडेतिकडे. काकांच्या पद्धतीने गेलो असतो तर १३१ धरला असता आणि सुटलो असतो. चोवीसची सरासरी आली १३७/८८. म्हणजे मोजायच्या चुका काढून टाकल्यावर बराच फुगवटा गेला पण खाली खरं बीपी होतंच. मशीन बिघडलेलं नव्हतं.

वही घेऊन तो डॉक्टरांकडे गेला. या वयात बीपी सापडलं की गोळी लिहायच्या आधी डॉक्टर कारण शोधतात, लघवीत प्रोटीन जातंय का, क्रिएटिनिन, पोटॅशियम, थायरॉइड, झोपेत घोरतो का, आणि बाकी काय काय गोळ्या खातो. त्या शेवटच्या प्रश्नाला हा आधी नाही म्हणाला, मग आठवलं की कंबर दुखते म्हणून तीन महिने रोज पेनकिलर चाललीय. ती तो औषधात मोजतच नव्हता. अशा बऱ्याच पेनकिलर शरीरात मीठ आणि पाणी अडवून ठेवतात आणि बीपी चढवतात, स्टेरॉइड आणि चोंदलेलं नाक मोकळं करायच्या गोळ्यांनीही चढतं, काही जणींचं गर्भनिरोधक गोळ्यांनी. पण हे ऐकून कुणी डॉक्टरांनी दिलेली गोळी आपल्या मनाने बंद करू नका, विचारून करा. त्याची पेनकिलर डॉक्टरांनी बंद केली, कंबरेसाठी व्यायाम दिले, मीठ कमी करायला सांगितलं. सहा आठवड्यांनी परत सात दिवसांची वही, सरासरी १२८/८२. सगळ्यांचं असं गोळीशिवाय उतरत नाही हे पण सांगते, बऱ्याच जणांच्या बाबतीत एकच असं कारण सापडत नाही आणि मग औषध घ्यावं लागतं. त्याचं वर्षातून एकदाचं आता तीन महिन्यांतून एकदा झालंय.

एक गोष्ट मात्र वहीत लिहीत बसायची नाही. आकडा १८०/१२० च्या वर आला आणि सोबत छातीत दुखतंय, धाप लागलीय, तोंड वाकडं झालंय, बोबडी वळलीय, एक बाजू लुळी पडलीय किंवा अचानक नीट दिसत नाहीये, तर सरळ इमर्जन्सीत. काहीच लक्षण नसेल तर पाच मिनिटं शांत बसून परत मोजा, आणि तरी तेवढाच आला तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन.

ग्रुपवर आता आम्ही स्क्रीनचा फोटो बंद केलाय. वाढदिवसाच्या महिन्यात ज्याने त्याने मोजायचं आणि लिहायचं, तारीख, कुठला हात, दोन्ही आकडे. वहिनी ३१ ची, तिने आयुष्यात पहिल्यांदा मोजलं, ११६/७४. तिला वाटलं उगाच मोजलं. मी म्हटलं अगं उलट, उद्या चाळिशीत १३४ आलं तर तुझं मूळचं ११६ होतं हे तेव्हा कुणाला तरी माहीत असेल.

आणि काका. गेल्या आठवड्यात काकूंनी त्यांचा मोजतानाचा फोटो टाकला. पाठ टेकलेली, बाही काढलेली, हात टेबलावर, पट्टा बरोबर छातीच्या उंचीला, तोंड बंद. फक्त पायावर पाय. मी लिहिलं, काका, पाय खाली. पाच मिनिटांनी काकूंचा मेसेज आला, "खाली घेतले. आता परत पाच मिनिटं बसायचं म्हटल्यावर चिडलेत, चिडल्यावर मोजलं तर चालतं का गं?"