वाघबीळची स्कूटर आणि आठ किलोमीटरचं वर्तुळ

(ठाण्यात प्लंबर आणि दुरुस्तीची कामं करणाऱ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मघाशी एकाने विचारलं, गूगलवर जाहिरात दिली, पैसे गेले, कामं काही आली नाहीत, असं का? उत्तर देण्यापेक्षा वाघबीळच्या आपल्या एका दोस्ताची गोष्ट सांगतो. छोटा गाळा, एक स्कूटर, मदतीला भाचा. जाहिरात लावताना त्याने नकाशावर गाळ्याभोवती आठ किलोमीटरचं वर्तुळ काढलं. म्हणाला, ‘आठ किलोमीटर म्हणजे काय, वीस मिनिटांत जातो मी.’

आता हे वर्तुळ नीट बघा. पश्चिमेला येऊरचं जंगल, तिथे बिबट्याचा नळ गळत नाही. पूर्वेला खाडी. खाडीपलीकडे काल्हेर, कशेळी, ही गावं नकाशावर पाच-सहा किलोमीटरच्या आत दिसतात. पण स्कूटर खाडीवरून उडत नाही. कापूरबावडी, बाळकुम, मग कशेळीचा पूल, आणि संध्याकाळी ट्रकांची रांग लागली की तास गेला. गूगलचं वर्तुळ सरळ रेषेत मोजतं, त्याला रस्ता माहीत नसतो. काल्हेरहून फोन यायचे, हा ‘जमणार नाही’ म्हणायचा, आणि जाहिरातीतलं फोनचं बटण दाबल्याचे पैसे मात्र कापले गेलेले असायचे.

शिवाय आठ किलोमीटर त्रिज्या म्हणजे सुमारे 200 चौरस किलोमीटर. आम्ही ते वर्तुळ काढून टाकलं आणि घोडबंदर रोडच्या बाजूने मानपाडा, वाघबीळ, कासारवडवली अशी दीड-दीड किलोमीटर त्रिज्येची तीन वर्तुळं ओळीने मांडली. तिन्ही मिळून फार तर 21 चौरस किलोमीटर. रोजचे पैसे तेवढेच ठेवले, फक्त ते आता त्याच्या स्कूटरच्या टप्प्यात खर्च होऊ लागले. याहून बारीक करायला गेलात तर मात्र फसाल. फोनचं ठिकाण गूगलला नेहमी अचूक कळतंच असं नाही, आणि वर्तुळ फारच लहान केलं की जाहिरात दिसायचीच बंद होऊ शकते.

आणखी एक सेटिंग आहे, ते बहुतेकांचं राहून जातं. ठिकाणाच्या पर्यायांत सुरुवातीला `Presence or interest` निवडलेलं असतं. म्हणजे दादरला बसून कुणी ‘ठाण्यात प्लंबर’ शोधला, तरी त्यालाही तुमची जाहिरात दिसू शकते. कधी तो आईवडिलांच्या घरासाठी शोधत असेलही, पण तुटपुंज्या पैशांत तो जुगार कशाला? तिथे `Presence` करा, म्हणजे जे त्या भागात आहेत किंवा नेहमी असतात तेवढेच राहतात.

आता फोनचं बटण. इथे माझं मत जरा कडक आहे. ज्या वेळी फोन उचलणारं कुणी नाही, त्या वेळी जाहिरात बंद. दाबलं बटण की क्लिक मोजला जातो, तुम्ही उचला नाहीतर नका उचलू. आमचा दोस्त बेसिनखाली आडवा, दोन्ही हातांत पाना, खिशात फोन वाजतोय. समोरच्याच्या घरात फ्लशची टाकी वाहतेय, तो काही थांबत नाही, पुढच्या नंबरला लावतो. म्हणून जाहिरातीवर भाच्याचा नंबर टाकला आणि वेळ सकाळी आठ ते रात्री आठ ठेवली.

दर रविवारी दोघं एक हिशेब करतात. अहवाल क्लिकच्या प्रकारानुसार फोडला की किती जणांनी फोनचं बटण दाबलं ते कळतं. तो आकडा भाच्याच्या फोनमधल्या कॉलच्या यादीशी ताडून बघायचा. पहिल्या आठवड्यात बटण दाबलं 26 वेळा, यादीत अनोळखी नंबर 19. उरलेल्या सातांनी रिंग जायच्या आतच कापलं असणार. चुकून बोट लागणं हेही त्यातच आलं. त्या 19 मध्ये चार मिस्ड कॉल निघाले, सगळे दुपारी दीड ते अडीच. भाचा जेवायला जातो ती वेळ! तेवढा तास वेळापत्रकातून काढून टाकला. आणि दोघं नोकरी मागणारे होते, ‘प्लंबरला माणूस हवाय का?’ म्हणून. त्यासाठी नोकरी, पगार, कोर्स हे शब्द मराठी आणि इंग्रजी दोन्हींत वगळायच्या यादीत घातले.

पत्त्याचं थोडक्यात सांगतो. गूगलवरचं तुमचं दुकानाचं प्रोफाइल जाहिरातीला जोडलं की पत्ता दिसतो, मोबाइलवर अंतरही दिसू शकतं. वाघबीळच्या बाईंना ‘वाघबीळ नाका’ वाचून जो भरवसा वाटतो, तो ‘संपूर्ण ठाण्यात सेवा’ वाचून वाटत नाही. पण गाळा असेल तरच हे करा. घरून काम करत असाल आणि गिऱ्हाईक तुमच्याकडे येत नसेल, तर गूगलच्या नियमाने पत्ता लपवून फक्त सेवेचा भाग दाखवायचा असतो. बनावट पत्ता टाकलात आणि प्रोफाइल बंद पडलं, तर त्याच्यावरचे सगळे अभिप्रायही अडकतात.

हं, मागून कुणीतरी पावसाळ्याचं विचारलं. जूनमध्ये ‘लीकेज’ शोधणारे वाढतात, पण त्यात गच्चीच्या वॉटरप्रूफिंगवालेही असतात. ते काम तुम्ही करत नसाल, तर मेअखेरीलाच ‘वॉटरप्रूफिंग’ हा शब्द वगळा. आमच्या दोस्ताने नाही वगळला, आणि पहिल्या पावसाच्या दिवशी भाचा दिवसभर ‘गच्ची नाही करत, काका’ एवढंच सांगत बसला होता.