कंसातला आकडा आधी वाचा

तासगाव तालुक्यातल्या एका दादांनी त्यांच्या दिवंगत वडिलांचा सातबारा आणलाय. त्यांच्या परवानगीनं आपण तोच वाचू.

वरचा भाग गाव नमुना सात, खालचा बारा. बारामध्ये पिकं असतात, म्हणून आज आपलं काम सातशी. क्षेत्र 0.80 हेक्टर, म्हणजे 80 आर, सुमारे दोन एकर. भोगवटादार वर्ग 1 लिहिलंय, ही चांगली गोष्ट. वर्ग 2 असता तर विक्रीआधी परवानगीचा प्रश्न आला असता. भोगवटादार म्हणून फक्त वडिलांचं नाव आहे आणि पुढं कंसात एक आकडा. हा फेरफाराचा क्रमांक. जुन्या हस्तलिखित उताऱ्यावर तो वर्तुळात असायचा. सातबारा जमीन आज कुणाच्या नावावर आहे ते सांगतो, ती नावावर कशी आली ते फेरफार सांगतो. म्हणून प्रत्येक आकड्याचा फेरफार काढून वाचायचा.

आता ‘इतर अधिकार’ बघा. इथं दोन बोजे आहेत. एक विकास सोसायटीचा दीड लाखांचा, दुसरा बँकेचा चार लाखांचा. दादा म्हणतात, बँकेचं कर्ज वडिलांनी हयातीतच फेडलं, बेबाकी दाखला घरी पेटीत आहे. तरी बोजा उताऱ्यावर दिसतोय, कारण कर्ज फिटलं म्हणून नोंद आपोआप उठत नाही. बोजा कमी करण्याचा फेरफार व्हावा लागतो. तो दाखला आणि बोजा चढवलेल्या फेरफाराचा क्रमांक देऊन तलाठ्याकडं किंवा ई-हक्क प्रणालीवर अर्ज करा. नव्या कर्जाला गेलात की हीच जुनी ओळ आडवी येते. सोसायटीचं कर्ज मात्र थकीत आहे. ते वडिलांबरोबर संपलं असं समजू नका. वारसनोंद झाली तरी बोजा जमिनीवर तसाच राहतो. पण वारसांची जबाबदारी मिळालेल्या मिळकतीपुरतीच, त्यापलीकडं नाही.

वारसनोंदीसाठी मृत्यूचा दाखला आणि सगळ्या वारसांची नावं देऊन तीन महिन्यांच्या आत कळवायचं. सगळ्या म्हणजे आई, दादा आणि लग्न झालेल्या दोन्ही बहिणी. बहिणींची नावं गाळून केलेली नोंद पुढं वादात सापडते, आणि तो त्यांच्यावर अन्यायही आहे. त्यांना हिस्सा सोडायचाच असेल तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र लागतं, साध्या कागदावरची सही चालत नाही.

तलाठी फेरफार धरतो, नोटीस निघते, हरकतीला 15 दिवस असतात. मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. तोवर ती फक्त प्रलंबित. फेरफार प्रमाणित झाला की नवा उतारा काढा आणि चारही नावं, क्षेत्र आणि उरलेला बोजा जुन्या उताऱ्याशी ताडून बघा. चूक दिसली तर लगेच दुरुस्तीचा अर्ज द्या, कारण उलट सिद्ध होईपर्यंत कायदा ती नोंद खरी मानतो.