दव गोठतं त्या रात्री कुंड्या कुठे ठेवायच्या?

नमस्कार श्रोतेहो.

डिसेंबर-जानेवारीत एक बातमी ठरल्यासारखी येते. महाबळेश्वरला वेण्णा लेकच्या परिसरात दवबिंदू गोठले, जेटीवर आणि गाड्यांच्या टपांवर हिमकणांची चादर पसरली, लिंगमळ्याकडे स्ट्रॉबेरीची पानं पांढरी झाली. त्याच दिवशीचं शहराचं किमान तापमान बघितलं तर ते पुष्कळदा दहा-बारा अंश असतं. मग ऐकणाऱ्याला प्रश्न पडतो की दहा अंशाला पाणी गोठतं कसं? पर्यटकांसाठी फुगवलेली बातमी असणार, असं म्हणून काही जण सोडूनही देतात.

बातमी खरी असते. आणि ती खरी का असते हे एकदा कळलं, की अंगणातल्या कुंड्या थंडीत कुठे ठेवायच्या याचं निम्मं उत्तर हाती येतं.

पहिली गोष्ट म्हणजे गार हवा जड असते. ती उतारावरून पाण्यासारखी खाली वाहते आणि खोलगट जागी साचते. महाबळेश्वरची बाजारपेठ उंचावर आहे आणि वेण्णाचं तळं खालच्या खोलगटात. संध्याकाळी चारही बाजूंच्या उतारांवरची गार हवा तिथे येऊन बसते. दुसरी गोष्ट म्हणजे वेधशाळेचा तापमापक जमिनीपासून सव्वा-दीड मीटर उंच, पांढऱ्या झडपांच्या पेटीत असतो. तो त्या पेटीतल्या हवेचं तापमान सांगतो, तुमच्या जास्वंदीच्या पानाचं नाही. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री उघड्या आकाशाखालचं पान आपली उष्णता वर आकाशाकडे टाकत राहतं आणि आजूबाजूच्या हवेपेक्षाही तीन-चार अंशांनी गार होतं. म्हणजे तुमच्या अंगणात हवा तीन अंशांवर असली, तरी पान शून्याला टेकलेलं असू शकतं.

ढग असले किंवा वारा असला तर हे होत नाही. ढग उष्णता परत खाली पाठवतात आणि वारा वरची उबदार हवा खालच्या गार हवेत मिसळतो. म्हणून रात्री आठच्या सुमारास बाहेर येऊन तीन गोष्टी बघायच्या. चांदण्या स्वच्छ दिसतायत का? झाडाचं पान हलतंय का? स्कूटरच्या सीटवर हात फिरवला तर दव लागतंय का? आकाश मोकळं, वारा पडलेला आणि सीट ओली असेल, तर पहाटे अंगण पांढरं दिसायची शक्यता धरा. सीट कोरडी असेल तर मात्र निर्धास्त होऊ नका. दव धरताना थोडी उष्णता बाहेर पडते आणि त्यामुळे तापमान उतरायचा वेग कमी होतो. कोरड्या हवेत तो आधारही नसतो. पांढरा कणही न दिसता सकाळी पानं काळी पडलेली सापडतात, ती अशाच रात्रीनंतर.

आता माझ्या मावसबहिणीच्या घरची गोष्ट सांगते. ताईचं घर तळ्याकडे उतरणाऱ्या रस्त्यावर, अगदी खालच्या अंगाला आहे. अंगणात बावीस कुंड्या. जास्वंद, क्रोटन, कोलियस, तुळस, दोन पानवेली, चार गुलाब, जिरेनियम आणि पाच-सहा कुंड्यांत स्ट्रॉबेरी. कुंपणाच्या कठड्यावर सगळ्या कशा छान ओळीने मांडलेल्या! एका वर्षी थंडीचा अंदाज आला तशी तिने बाजारातून मोठ्या प्लास्टिकच्या पिशव्या आणल्या, प्रत्येक झाडावर एकेक चढवली आणि खाली बुंध्याशी सुतळीने घट्ट बांधली. लांबून बघितलं तर गोळ्या-चॉकलेटांचं दुकान वाटावं.

सकाळी जास्वंदीची पानं काळी, आणि तीही नेमकी जिथे जिथे प्लास्टिक चिकटलं होतं तिथेच. आतली, प्लास्टिकपासून लांब राहिलेली पानं बरीचशी बरी होती. कोलियसचा तर शिजवलेल्या माठासारखा गोळा झाला होता.

तिच्या हातून दोन चुका झाल्या होत्या. एक प्लास्टिकची. पातळ पॉलिथिनमधून उष्णता जवळजवळ अडथळा न येता आरपार निघून जाते. शिवाय आतल्या बाजूला पाणी धरतं, आणि ते पानाला लागून गोठलं की तेवढं पान गेलंच. दुसरी चूक सुतळीची, आणि माझ्या मते तीच मोठी. झाड स्वतः ऊब तयार करत नाही. आपण गोधडी पांघरतो तेव्हा ऊब आपल्या अंगाची असते. झाडाच्या बाबतीत ती दिवसभर तापलेल्या जमिनीतून, फरशीतून, भिंतीतून रात्री हळूहळू वर येते. आच्छादनाने तीच अडवायची असते. बुंध्याशी बांधलं की ऊब बाहेर आणि झाड आत. म्हणून कापड तंबूसारखं चहूबाजूंनी जमिनीपर्यंत आलं पाहिजे आणि कडांवर विटा ठेवून ते दाबलं पाहिजे.

पुढच्या थंडीत आम्ही दोघींनी मांडणीच बदलली. तिच्या घराची एक भिंत पश्चिमेकडे तोंड करून आहे, जांभ्या दगडाची, आणि तिच्यावर कौलांची पागोळी दोन-अडीच फूट पुढे आलेली आहे. या भिंतीवर दुपारपासून मावळतीपर्यंत ऊन असतं. रात्री नऊला तळहात टेकवला तरी दगड कोमट लागतो. कठड्यावरच्या कुंड्या उतरवून या भिंतीशी आणल्या. कठड्यावर कुंडीला खालून, बाजूने, सगळीकडून गारवा लागतो. इथे पाठीशी भिंत आणि पायाखाली तापलेली फरशी. डोक्यावरची पागोळी तर निम्मं काम करते, कारण पानाला आकाशच दिसत नाही. वर कापड घालायच्या आधीच ते झाड अर्धं झाकलेलं असतं.

कुंड्या एकमेकींना खेटून ठेवल्या. भिंतीलगत जास्वंद, क्रोटन, पानवेल आणि कोलियस, म्हणजे थंडी अजिबात न सोसणारी मंडळी. बाहेरच्या रांगेत गुलाब आणि जिरेनियम. गुलाबाला एवढ्या थंडीचं काही वाटत नाही, त्याला पहारेकरी म्हणून उभा केला तरी चालतं. तुळस ताईने वृंदावनातून हलवू दिली नाही. तिच्यासाठी वेगळी छत्री करावी लागली, खरोखरची, जुनी काळी छत्री, भोवती धोतराचा तुकडा.

दुपारी दोनच्या सुमारास सगळ्या कुंड्यांना बुंध्याशी पाणी दिलं. ओली माती कोरड्या मातीपेक्षा जास्त ऊब साठवते आणि रात्री सावकाश सोडते. पण हे पाणी दुपारीच द्यायचं आणि पानं भिजवायची नाहीत. संध्याकाळी झारीने न्हाऊ घालायची सवय असेल तर थंडीपुरती ती सोडा. कुंड्यांच्या मध्ये एक काळी प्लास्टिकची बादली भरून सकाळपासून उन्हात ठेवली होती, ती तशीच आत राहू दिली.

मग साडेपाचला, ऊन भिंतीवर असतानाच, कापड घातलं. आठ वाजता थंडी वाजायला लागल्यावर धावपळ केली तर जमिनीतली बरीच ऊब तोवर निघून गेलेली असते. चार बांबूच्या काठ्या कुंड्यांमध्ये रोवल्या, झाडांच्या शेंड्यांपेक्षा वीतभर उंच, म्हणजे कापड पानांना टेकत नाही. त्यावर एक जुनी चादर आणि चादरीवर गोणपाट. शेतकरी वापरतात ते पांढरं क्रॉप कव्हर मिळालं तर उत्तमच, वजनाला हलकं असतं आणि पान मोडत नाही. ते पातळ असल्यामुळे कडाक्याच्या रात्री दुहेरी घ्यावं.

दोन साधे तापमापक ठेवले होते, एक अंगणात गवताजवळ आणि दुसरा चादरीखाली. पहाटे साडेसहाला, स्वेटरवर शाल घेऊन, आम्ही टॉर्चने बघायला गेलो. गवताजवळ शून्याच्या खाली एक, चादरीखाली पाच. त्या सहा अंशांतले निम्मे तरी भिंतीचे आणि पागोळीचे असणार. नुसतं उघड्या अंगणात कापड घातलं तर दोन-तीन अंशांचाच फरक धरून चाला. पारा शून्याच्या खाली चार-पाचवर जाईल अशी जागा असेल, तर कोवळी झाडं घरात घेण्याला पर्याय नाही. आणि शिमला-मनालीकडे राहणारे कोणी ऐकत असतील, तर तुमच्याकडे कुंडीतली माती मुळांसकट गोठते आणि मातीची कुंडी तडकते. तिथे ही चादर पुरणार नाही.

कापडाखाली पणती, मेणबत्ती किंवा शेगडी ठेवू नका. आग लागते, दुसरं काही होत नाही. निफाडकडे द्राक्षबागांत पहाटे शेकोट्या पेटवतात ते बघून काही जण अंगणात नुसता ओल्या पाल्याचा धूर करतात. त्या शेकोट्यांचा उपयोग होतो तो उष्णतेमुळे, आणि तापलेली हवा वर जाताना बागेतली हवा ढवळते म्हणून. धूर पानाची उष्णता अडवत नाही. शेजाऱ्यांना खोकला तेवढा होतो.

सकाळी कापड कधी काढायचं? थंडी सर्वात जास्त असते ती सूर्योदयाच्या आसपास, म्हणजे आपल्याकडे जानेवारीत सातच्या सुमारास. त्यामुळे उजाडलं म्हणून लगेच काढू नका. साडेआठ-नऊला, अंगणातलं पांढरं विरघळल्यावर काढा. पण काढा नक्की. दिवसभर झाकून ठेवलं तर फरशी तापणार नाही, आणि पुढच्या रात्रीसाठी ऊब साठणार नाही.

एवढं करूनही एखादं झाड सापडतंच. थंडीने मारलेलं पान आधी ओलं, काचेसारखं आणि गडद दिसतं, मग लोंबतं आणि दोन दिवसांत काळं पडतं. स्ट्रॉबेरीचं वेगळं आहे. तिची पानं शाबूत दिसतात, फुलाच्या पाकळ्याही पांढऱ्याशुभ्र राहतात, पण मधला पिवळा भाग काळा पडलेला असतो. त्या फुलाला फळ धरणार नाही. ते खुडून टाका, मागून नवी फुलं येतात.

जास्वंदीच्या काळ्या फांद्या मात्र लगेच छाटू नका. छाटल्यावर नवा कोंब फुटतो आणि पुढच्या गार रात्री तोच आधी जातो. खतही देऊ नका. काळी पानं दिसायला वाईट दिसतात, पण खालच्या डोळ्यांवर तेवढंच छप्पर असतं. फेब्रुवारीच्या शेवटी रात्री उबदार झाल्या की फांदीची साल नखाने हलकेच खरवडायची. खाली हिरवं दिसलं तर फांदी जिवंत आहे, तपकिरी दिसलं तर आणखी थोडं खाली खरवडायचं, आणि हिरवं लागेल तिथे कापायचं. ताईची ती प्लास्टिकमधली जास्वंद अशीच बुंध्यापासून वीतभर उरली होती. एप्रिलमध्ये तिला सात फुटवे आले.

नमस्कार.