दारातली तपासणी आणि आक्काचा टीव्ही

नमस्कार मंडळी. विषयाच्या पाटीवर ‘ओपन डिलिव्हरी आणि ग्राहकाचे हक्क’ असं लिहिलंय. हक्कांकडे येतोच, पण सुरुवात आमच्या आक्काच्या टीव्हीपासून करतो. ओपन डिलिव्हरीत काय मिळतं आणि काय मिळत नाही, हे मला त्या टीव्हीनं शिकवलं. कायदा नंतर वाचला.

आक्का इस्लामपूरला असते. गेल्या दिवाळीआधी भाच्यानं तिच्यासाठी त्रेचाळीस इंची टीव्ही ऑनलाइन मागवला. पैसे आधीच भरलेले. ऑर्डरच्या पानावर स्वच्छ लिहिलं होतं की डिलिव्हरीला येणारा माणूस बॉक्स तुमच्यासमोर उघडेल, तुम्ही तपासा, मगच ओटीपी द्या. मी त्या दिवशी तिथंच होतो. कंपनीचं नाव घेणार नाही, कारण हे एकाच कंपनीपुरतं नाही.

दोन पोरं टेम्पोतून बॉक्स घेऊन आली. दुसरा मजला, लिफ्ट नाही, दोघंही घामाघूम. आक्कानं पाणी दिलं. पाणी पिताना त्यातला मोठा म्हणाला, “मावशी, ओटीपी आला असेल बघा, तेवढा सांगा, मी एंट्री मारतो आणि मग उघडतो.” इथं थोडं थांबतो, कारण निम्मी भांडणं या एका वाक्यातून निघतात. ओपन डिलिव्हरीत ओटीपी म्हणजे तुमची सही. ‘योग्य वस्तू आली, बाहेरून फुटलेली नाही, सोबतचं सामान पूर्ण आहे’ या तिन्ही गोष्टींवर तुम्ही त्या आकड्यांनी सही करता. आकडे सांगून झाल्यावर बॉक्स उघडणं म्हणजे सही करून झाल्यावर कागद वाचणं. त्या पोराला फसवायचं नव्हतं, हेही सांगतो. खाली टेम्पोत अजून पार्सलं होती आणि फोनवरची एंट्री लवकर बंद झाली की त्याचा जीव हलका होतो. म्हणून त्याच्यावर ओरडू नका. शांतपणे एवढंच म्हणा, “आधी उघडू, बघू, लगेच सांगते.” आक्का नेमकं हेच म्हणाली आणि त्यानंही ऐकलं.

मग त्यानं पट्ट्या कापल्या, वरचं खोकं उचललं, थर्माकोल काढलं. मागच्या स्टिकरवरचा मॉडेल नंबर बिलाशी जुळला. रिमोट, दोन पाय, स्क्रू, वायर, सगळं होतं. काच बघितली, कुठं तडा नाही. आक्का म्हणाली, “जरा लावून दाखव की रे.” पोरगा म्हणाला, “ते नाही मावशी, चालू करायची परवानगी नाही. फिटिंगवाला येईल.” त्याचं बरोबर होतं. हा नियम लोकांना माहीत नसतो आणि मग दारात वाद होतो. ओपन डिलिव्हरी म्हणजे डोळ्यांनी केलेली तपासणी. वस्तू चालू करणं, चार्जिंगला लावणं, फोनमध्ये सिम घालणं, खातं उघडणं, काचेवरची फिल्म काढणं, यातलं काहीच त्यात बसत नाही. एकदा चालू केलेला फोन किंवा टीव्ही परत गेला, तर विक्रेत्याला तो नवा म्हणून विकता येत नाही, म्हणून ही रेघ आखलेली आहे. मला ती मान्य आहे. माझी तक्रार त्या रेघेच्या पलीकडं जे होतं त्याबद्दल आहे.

ओटीपी दिला, पोरं गेली. तिसऱ्या दिवशी फिटिंगवाला आला. त्यानं पाय बसवले, वायर लावली, बटण दाबलं. खालच्या डाव्या कोपऱ्यात शाई सांडल्यासारखा काळा डाग आणि त्यातून वर गेलेल्या चार रंगीत रेघा. आक्काचा चेहरा मला अजून आठवतो. तिला वाटलं आपल्याच हातून काही झालं, आणि ती तीन-तीनदा सांगत राहिली की मी फडकंसुद्धा लावलं नाही हो.

असं कसं झालं, ते समजून घ्या. एलसीडी टीव्हीचा पडदा म्हणजे एक जाड काच नसते. आत पातळ काचेचे दोन थर असतात, त्यांच्यामध्ये द्रव स्फटिक आणि वरून प्लॅस्टिकची फिल्म. वाहतुकीत कोपऱ्याला दणका बसला, किंवा टीव्ही उभा न ठेवता आडवा टाकून त्यावर दुसरं सामान रचलं, तर आतली काच तडकू शकते आणि वरची फिल्म मात्र जशीच्या तशी राहते. बोट फिरवलं तरी काही लागत नाही. बंद पडदा काळाच असतो, त्यामुळं तडा नजरेला येत नाही. मागचा दिवा लागला की कळतं. म्हणजे दोष आहे वाहतुकीतल्या तुटफुटीचा, पण दिसतो चालू केल्यावर. आणि चालू करायला दारात परवानगी नाही.

फिटिंगवाल्यानं जॉब शीटवर लिहिलं, ‘पॅनेल फिजिकल डॅमेज’, आणि सहीसाठी कागद पुढं केला. हे तीन शब्द फार महागात पडतात. तुटफूट वॉरंटीत बसत नाही, म्हणजे टीव्ही बनवणारी कंपनी हात वर करते. विक्रेता म्हणतो, तुटफूट तर दारात बघून तुम्ही माल स्वीकारला, आता परत नाही. दोघांच्या मधल्या फटीत आक्का उभी.

मी त्या माणसाला म्हणालो, दादा, तुमचं निदान तुम्ही लिहा, पण त्याच्याखाली जे घडलं तेही लिहा. तो भला माणूस होता. त्यानं लिहिलं: ‘पहिल्याच इन्स्टॉलेशनच्या वेळी, प्रथम चालू करताच आढळले. बाहेरील काचेवर आघाताची खूण नाही.’ वेळ टाकली, सही केली. आम्ही कागदाचा फोटो काढला, चालू पडद्याचा व्हिडिओ काढला आणि खोकं, थर्माकोल, पट्ट्या सगळं जपून ठेवलं. खोक्याच्या एका कोपऱ्याला चेपलेली जागा होती, ती तेव्हा कुठं नीट दिसली. डिलिव्हरीच्या दिवशी आम्ही खोकं आत घेतलं ते भिंतीकडं तोंड करून, आणि चेपलेली बाजू भिंतीकडंच होती. म्हणून सांगतो, खोकं उघडण्याआधी त्याच्या चारही बाजू आणि तळ बघा, आणि दिसेल त्याचा फोटो काढा. आणि टीव्ही असेल तर मोबाईलची बॅटरी लावून प्रकाश पडद्यावर तिरका टाका, विशेषतः चारही कोपऱ्यांवर. आतला तडा समोरून दिसत नाही, पण तिरक्या उजेडात बऱ्याचदा केसासारखा चमकतो. दरवेळी दिसेलच असं नाही. दिसला तर मात्र ओटीपी द्यायचा नाही.

चिठ्ठी आली आहे, दहा मिनिटं राहिली म्हणून. तर हक्कांकडे येतो, आता भराभरा.

विक्रेत्याचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं, अपेक्षेप्रमाणे: ‘ओपन बॉक्समध्ये स्वीकारल्यामुळे रिटर्न शक्य नाही.’ आम्ही वाद घातला तो असा. माल विक्रीचा कायदा 1930 सालचा आहे. त्याचं कलम 41 सांगतं की आधी न तपासलेला माल पोचवला, तर तो तपासायची वाजवी संधी मिळेपर्यंत ग्राहकानं तो स्वीकारला असं मानता येत नाही. आता तुम्हीच म्हणता की दारात टीव्ही चालू करायचा नाही. मग जे चालू केल्याशिवाय दिसत नाही, ते तपासायची संधी तुम्ही दिलीच नाही. आमचा ओटीपी दिसणाऱ्या गोष्टींपुरता. दुसरं, 2020 च्या ई-कॉमर्स नियमांत स्पष्ट आहे की वस्तू सदोष असेल किंवा जाहिरातीत सांगितल्यासारखी नसेल, तर विक्रेत्याला ती परत घ्यायला किंवा पैसे द्यायला नकार देता येत नाही. कंपनीचं धोरण त्या नियमाच्या खाली असतं, वर नाही.

हे सगळं एका पानात लिहून, जॉब शीट जोडून, तक्रार निवारण अधिकाऱ्याला पाठवलं. प्रत्येक ई-कॉमर्स कंपनीला हा अधिकारी नेमावा लागतो, त्याचं नाव आणि संपर्क साइटवर द्यावा लागतो. 48 तासांत तक्रारीची पोच आणि एका महिन्यात निकाल, अशी मुदत आहे. कस्टमर केअरच्या चॅटवर आठवडा घालवण्यापेक्षा हे पत्र आधी लिहा. शिवाय 1915 वर, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, नोंद केली. एकोणिसाव्या दिवशी टीव्ही बदलून आला. तेही जमलं नसतं तर ग्राहक आयोग होता. 2019 च्या कायद्यानं तिथं आपल्या राहत्या जिल्ह्यातच दाद मागता येते, मुदत दोन वर्षांची, आणि पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला फी नाही.

दारात अजून काय होत नाही, ते दोन वाक्यांत. वस्तू घ्यायची आणि चार्जर नसल्याचं नंतर बघू म्हणायचं, असं करू नका. सामान अपुरं असेल तर पूर्ण पार्सल नाकारायचं. डिलिव्हरीवाला रंग बदलून देऊ शकत नाही, किंमत कमी करू शकत नाही, रिफंड हातात देऊ शकत नाही. त्याच्याकडं दोनच गोष्टी आहेत, दिलं किंवा परत नेलं. आणि ज्या ऑर्डरवर ही सोय लिहिलेली नाही, तिथं त्याला उघडून दाखव म्हणायचा अधिकार आपल्याला नाही. अशा वेळी पार्सल उघडताना सलग एक व्हिडिओ काढायचा, पत्त्याच्या लेबलपासून सुरू करून.

प्रश्न आला आहे, समोरच्या ताईंचा. विचारतायत की तो उघडायलाच नाही म्हणाला तर? तर ओटीपी द्यायचा नाही आणि माल घ्यायचा नाही. पण तो दाराबाहेर पडायच्या आत ॲपमधल्या चॅटवर लिहून टाका: ‘आज अमुक वाजता डिलिव्हरी आली, बॉक्स उघडून दाखवायला नकार दिला म्हणून घेतलं नाही.’ नाहीतर तिकडं ‘ग्राहक घरी नव्हते’ अशी नोंद पडते आणि पुढचे चार दिवस तुम्ही घरीच होता हे सिद्ध करण्यात जातात.

आणि फोनचं विचारलंय. फोनला बॉक्सवरचा आयएमईआय नंबर बिलावरच्या नंबराशी पंधराही अंक जुळवून बघा, त्याला फोन चालू करावा लागत नाही. ओटीपी दिल्यावर, पोरगा गेल्यावर, फोन चालू करून *#06# दाबा आणि पडद्यावरचा नंबर पुन्हा त्याच बिलाशी ताडा. तिथं फरक निघाला तर तो फोन वापरायला सुरुवात करू नका. सिम घालू नका, खातं उघडू नका, पडद्याचा फोटो काढा आणि त्याच तासाला तक्रार टाका.