पाऊण गुण आणि नसलेला गरुड

(दृश्य: अंधार. झाडाच्या बुंध्याला पट्ट्याने बांधलेला छोटा रेकॉर्डर.)

आंबोली. 20 मे, पहाटेचे पाच वाजून चाळीस मिनिटं. रेकॉर्डर सुरू करून आम्ही लांब जाऊन बसलो. माणूस जवळ असला की त्याच्या जॅकेटची चेनसुद्धा पक्ष्यांपेक्षा मोठी ऐकू येते.

(दृश्य: लॅपटॉपचा पडदा.)

दुपारी ते तासाभराचं ध्वनिमुद्रण बर्डनेटमध्ये टाकलं. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाची पक्षी प्रयोगशाळा आणि जर्मनीतलं केमनिट्झचं तंत्र विद्यापीठ यांनी मिळून पक्ष्यांचे आवाज ओळखणारी ही प्रणाली घडवली. ती आवाजाचे तीन-तीन सेकंदांचे तुकडे पाडते. आपल्या तासाचे झाले बाराशे. प्रत्येक तुकड्याचं आधी चित्र बनतं, आडवा वेळ आणि उभी सुराची उंची. मग त्या चित्रावरून प्रत्येक पक्ष्याला शून्य ते एकच्या दरम्यान गुण मिळतात.

त्याआधी ठिकाण आणि आठवडा भरायचा. आम्ही अक्षांश 15.96, रेखांश 74.00 आणि आठवडा 19 भरला. इथे वर्षाचे आठवडे 48 धरतात, महिन्याला चार. ठिकाण भरायला विसरलात तर आंबोलीत अमेरिकेतले पक्षी गायला लागतात.

(दृश्य: निकालाचा तक्ता. Confidence या रकान्यावर कॅमेरा थांबतो.)

बाराव्या मिनिटाला, चोविसाव्या सेकंदापासून, सर्पगरुड. गुण 0.74.

पाऊण गुण म्हणजे शंभरातल्या चौऱ्याहत्तर वेळा बरोबर, असं वाटणं साहजिक आहे. पण हा आकडा तसा नाही. शिकवणीत दिलेल्या सर्पगरुडाच्या आवाजांशी हा तुकडा किती जुळतो, एवढंच तो सांगतो. एका पक्ष्याचे 0.4 खात्रीचे निघतात, दुसऱ्याचे 0.8 सुद्धा फसवे.

मला खटकलं ते घड्याळ. पाच बावन्न. सूर्य उगवायला अजून दहा-बारा मिनिटं होती. ऊन तापून हवा वर चढायला लागली की सर्पगरुड घिरट्या घालत शिट्ट्या मारतो. सूर्य उगवायच्या आधी, तेही झाडीच्या पोटातून?

ठिकाणाची चाळणी इथे कामाची नाही, कारण सर्पगरुड आंबोलीत आहेच. मग कान लावायचा. फक्त त्या तीन सेकंदांना नाही, आधीच्या आणि नंतरच्या अर्ध्या मिनिटालाही.

(ध्वनी: मूळ मुद्रण, एक मिनिट. निवेदन थांबतं.)

ऐकलंत? आधी धातूवर टिचकी मारल्यासारखा खणखणीत सूर. मग गरुडाची शिट्टी. लगेच शिक्रा. पुन्हा तोच धातूचा सूर. सगळं एकाच दिशेकडून, सारख्याच मोठ्या आवाजात. हा भृंगराज, शेपटीला दोन लांब तारा आणि टोकाला पिसं असलेला कोतवाल. पहाटे पहाटे हा गावभर नकला करत असतो. यंत्राने शिट्टी बरोबर ओळखली, पण ती मारणारा ओळखायला चुकलं. तीन सेकंदांच्या खिडकीतून नकलाकाराचा पुढचा-मागचा कार्यक्रम दिसतच नाही.

(दृश्य: स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे आवाजाचं ते चित्र. दोन छोट्या वाकलेल्या रेघा, मधोमध तुकड्याची सीमा.)

आता उलटी गोष्ट. सत्ताविसाव्या मिनिटाला नवरंग, गुण 0.31. बहुतेक जण ही ओळ गाळतील. मीही गाळली असती, पण मेचा तिसरा आठवडा म्हणजे नवरंग येण्याचे दिवस. चित्र उघडून पाहिलं, तर त्याची दोन सुरांची शीळ नेमकी तुकड्याच्या सीमेवर कापली गेली होती. पहिला सूर एका तुकड्यात, दुसरा पुढच्यात. तुकडे दीड सेकंदाने एकमेकांवर चढतील असं ठरवून मुद्रण पुन्हा चालवलं. शीळ अख्खी एका तुकड्यात आली आणि गुण झाले 0.58. वेळ तेवढा दुप्पट लागला.

मग गुणांची रेघ कुठे मारायची? सगळ्यांना एकच रेघ चालत नाही. एक पक्षी घ्यायचा, समजा शीळकरी कस्तूर. त्याच्या नावावर आलेले तुकडे कमी, मध्यम आणि जास्त अशा सगळ्या गुणांमधून चिठ्ठ्या टाकून उचलायचे. गुण झाकून ऐकायचे आणि समोर बरोबर किंवा चूक लिहायचं. शे-दीडशे तुकडे झाले की चूक कुठल्या आकड्याखाली वाढते ते दिसतं. ती त्या पक्ष्याची रेघ, त्या जंगलापुरती. पावसात बेडूक ओरडायला लागले की पुन्हा तपासायची. कंटाळवाणं काम आहे, चहा लागतो.

(दृश्य: वही. सर्पगरुड खोडून वर भृंगराज.)

वहीत नवरंग राहिला, सर्पगरुड गेला.

तसा तो भेटला म्हणा. सकाळी साडेनऊला सामान आवरत होतो, तेव्हा खराखुरा सर्पगरुड डोक्यावर शिट्ट्या मारत फिरत होता. रेकॉर्डर पिशवीत होता.