एक फोटो, एक मिनिट

श्रोतेहो, नमस्कार. केंब्रिजच्या बी-वन प्रिलिमिनरी या इंग्रजी परीक्षेला बसणाऱ्या मुलामुलींशी आज मला बोलायचंय, तेही तोंडी परीक्षेच्या फक्त दुसऱ्या भागाबद्दल. आपल्याकडची व्याकरणात पक्की असलेली मुलंही इथं अडखळतात.

या परीक्षेला साधारणपणे दोघं जण जोडीनं आत जातात. समोर दोन परीक्षक. एक तुमच्याशी बोलतो, दुसरा बाजूला बसून ऐकतो आणि गुण मांडतो. दुसऱ्या भागात तुमच्यासमोर एक रंगीत फोटो येतो. तो कशाचा आहे हे परीक्षक एका वाक्यात सांगतो आणि तुम्हाला काय दिसतंय ते बोलायला सांगतो. बोलायचं साधारण एक मिनिट. आधी विचार करायला वेगळा वेळ मिळत नाही.

सरावाला आपल्याकडचाच एखादा फोटो घ्या. परभणीकडच्या एखाद्या शेतातल्या आखाड्यावर जानेवारीत काढलेला हुरड्याचा फोटो आहे असं धरू. मधे आगटी पेटलीय, भोवती पाच-सहा माणसं बसलीत. एक बाई कणीस हातावर चोळतेय, मागं ज्वारी उभी आहे, उजवीकडं झाडाखाली काहीतरी काळपट पडलंय. बहुतेक मुलं बाईच्या लाल साडीपासून सुरुवात करतात, मग बांगड्या, मग कणीस, आणि वीस सेकंदांत बोलणं संपतं. ऐकणाऱ्याला हे शेत आहे की अंगण, हेसुद्धा कळलेलं नसतं.

पहिली दोन वाक्यं सगळ्या फोटोची हवीत. ‘धिस फोटो शोज अ फॅमिली इन अ फील्ड. दे आर सिटिंग अराउंड अ स्मॉल फायर.’ कुठं, कोण, काय करतायत, झालं. मग माणसांकडं वळा. कोण काय करतंय हे ‘इज रबिंग’, ‘आर ईटिंग’ अशा चालू वर्तमानकाळात सांगा, कारण फोटोतली क्रिया आपल्यासमोर घडतेय असंच धरायचं असतं. त्यानंतर जागा: ‘बिहाइंड देम’, ‘ऑन द राइट’, ‘इन द बॅकग्राउंड’. या शब्दांमुळं ऐकणाऱ्याची नजर तुमच्याबरोबर फिरते. कपडे, भांडी, रंग हे सगळ्यात शेवटी. तुम्ही थांबलातच, तर परीक्षकही माणसांबद्दल बोला, जागेबद्दल बोला, इतर वस्तूंबद्दल बोला, असंच सुचवतो.

आता हुरड्याला इंग्रजीत काय म्हणायचं? इथंच मुलं गप्प होतात. शब्द आठवत बसू नका, वस्तू सांगा: ‘दे आर रोस्टिंग सम ग्रीन ग्रेन ऑन द फायर, अँड दे ईट इट हॉट.’ वस्तूचं नाव येत नसताना ती अशी समजावून सांगता येणं हेही या परीक्षेत कौशल्यच आहे.

आणि झाडाखालचं ते काळपट? ते सोडून देऊ नका, आणि ठामपणे ‘इट इज अ बॅग’ असंही म्हणू नका. बी-वनच्या विद्यार्थ्याला तर्क करता यावा अशी अपेक्षा असते आणि तो दाखवायची हीच जागा आहे. ‘अंडर द ट्री देअर इज समथिंग डार्क. इट माइट बी अ सॅक, ऑर समबडी स्लीपिंग अंडर अ ब्लँकेट. आय थिंक इट्स अ सॅक, बिकॉज आय कान्ट सी एनी फीट.’ बघा, एका धूसर वस्तूनं तीन चांगली वाक्यं दिली. यातलं शेवटचं ‘बिकॉज’ मला सगळ्यात मोलाचं वाटतं. ते आलं की बोलणं यादीसारखं राहत नाही, जोडलेलं होतं.

खात्री जितकी, तितकाच ठाम शब्द घ्या. सगळ्यांच्या अंगात स्वेटर आहेत, कानाला मफलर आहेत, तर ‘इट मस्ट बी विंटर’ म्हणायला हरकत नाही. सावल्या लांब आहेत, पण सकाळ की संध्याकाळ ते कळत नाही. तिथं ‘मे बी’ बरा. वाटीतलं लालसर काही चटणीसारखं वाटलं तर ‘इट लुक्स लाइक चटणी’ असं खुशाल म्हणा, पुढं ‘अ स्पायसी ड्राय पावडर’ एवढं जोडा.

मात्र तर्काला फोटोत पुरावा हवा. ही बहीण पुण्याहून आलीय, उद्या तिच्या भावाचं लग्न आहे, अशी गोष्ट रचायला लागलात की फोटो बाजूला राहतो. सवय लावायची तर मोबाइलमधला कुठलाही गर्दीचा फोटो काढा, घड्याळ लावून एक मिनिट बोला आणि ते रेकॉर्ड करा. मग ज्यानं तो फोटो पाहिला नाही अशा घरातल्या कुणाला तरी ते ऐकवा आणि कागदावर ढोबळ चित्र काढायला सांगा. आगटी मधे आली आणि झाड उजवीकडं आलं, तर तुमचा क्रम बरोबर आहे. झाड नुसतंच कुठंतरी लटकत असेल, तर जागेचे शब्द राहिलेत. तेवढे घालून तोच फोटो पुन्हा बोला.

परीक्षेत मिनिट झालं की परीक्षक ‘थँक यू’ म्हणतो. वाक्य अर्धवट असलं तरी तिथंच थांबा. मग जोडीदाराला त्याचा फोटो मिळतो आणि तो बोलत असताना तुम्ही फक्त ऐकायचं असतं. नमस्कार.