दीडशे किलो म्हणजे कुठे दीडशे किलो?

(सांगलीतल्या एका वाचनालयाच्या सभागृहात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. आधी हात वर करा बरं, सोफा-कम-बेड कुणाकुणाच्या घरी आहे? छान, बरेच आहात. आता ज्यांचा गेल्या महिन्यात एकदा तरी उघडला असेल त्यांनीच हात वर ठेवा. बघा, पहिल्या रांगेतले दोघेच राहिले! बाकीच्यांचा गणपतीत पाहुणे आले की उघडणार. त्याच्याबद्दल बोलायचंच आहे, पण मी सुरुवात भिंतीवरच्या फोल्डिंग टेबलापासून करतो, कारण माझं खरं भांडण तिथं आहे.

भांडण आहे खोक्यावरच्या एका आकड्याशी. फोल्डिंग ब्रॅकेटची जोडी घ्यायला जा, खोक्यावर छापलेलं असतं: ‘क्षमता १५० किलो’. कुठे १५० किलो? भिंतीलगत, फळीच्या मधोमध की पुढच्या कडेला? कोणत्या भिंतीत, कोणत्या स्क्रूवर? यातलं काही लिहिलेलं नसतं. गिऱ्हाईक विचारत नाही, दुकानदार सांगत नाही. आणि टेबल पडलं की बोलणी सुताराला बसतात.

विश्रामबागेतल्या एका वन-बीएचकेमध्ये घडलेली गोष्ट सांगतो. मुलगी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी, म्हणून हॉलच्या भिंतीला टेबल बसवलेलं. फळी ९० बाय ५० सेंटिमीटरची, १८ मिलिमीटर प्लायची, म्हणजे साडेपाच किलोच्या आसपास. वर लॅपटॉप आणि पुस्तकं, धरा दहा किलो. कित्येक महिने काही झालं नाही. एका संध्याकाळी वडील तिच्या शेजारच्या खुर्चीवरून उठले, आणि उठताना आपण सगळेच करतो तसे दोन्ही तळवे टेबलाच्या कडेवर टेकले. टेबल खाली आलं. सुदैवाने कुणाला लागलं नाही.

मी गेलो तेव्हा ब्रॅकेट जमिनीवर होते. मी ते उघडून-मिटून पाहिले. पाती सरळ, रिव्हेट घट्ट, खटका नीट बसत होता, लोखंडाला काही झालेलं नव्हतं. वरचे दोन स्क्रू मात्र प्लास्टिकच्या गिट्टीसकट बाहेर आले होते आणि प्रत्येकाला गिलाव्याचा लिंबाएवढा गोळा चिकटलेला होता. खालचे स्क्रू नुसते वाकले होते. ही खूण लक्षात ठेवा. लोखंड शाबूत आणि वरचे स्क्रू उपटलेले, म्हणजे ब्रॅकेट हरला नाही, भिंतीतली पकड हरली.

आता हिशेब करू. भरलेली बादली अंगाशी धरली तर जड नसते, तीच हात लांब करून धरा, खांद्याला ओढ लागते. टेबलाचंही तसंच. वडिलांनी कडेवर टाकलेला भार ३० किलो धरू. कडा भिंतीपासून ५० सेंटिमीटर, गुणाकार १५००. फळी आणि पुस्तकं मिळून साडेपंधरा किलो, ती साधारण मध्यावर म्हणजे २५ सेंटिमीटरवर, त्याचे आणखी ३९० धरा. एकूण सुमारे १८९०. हे सगळं पेलायला ब्रॅकेटची भिंतीवरची उभी पट्टी किती उंच? वरच्या स्क्रूपासून खालच्या टेकूपर्यंत १५ सेंटिमीटर. भागाकार करा, १२६ येतात. म्हणजे वरच्या दोन स्क्रूंना मिळून १२६ किलोची, एकेकाला ६३ किलोची ओढ बसली, तीही भिंतीतून सरळ बाहेर. टेबलावरचं एकूण ओझं पंचेचाळीस किलोच होतं. खोक्यावरच्या १५० च्या एक तृतीयांशसुद्धा नाही!

आणि स्क्रू किती लांब होता? ३५ मिलिमीटर. त्यातले पंधरा-एक गिलाव्यातच गेले. उरलेले वीस मिलिमीटर कशात, तर नव्या इमारतींत वापरतात त्या हलक्या एएसी ब्लॉकमध्ये. त्या ब्लॉकमध्ये हवेची बारीक छिद्रं असतात. साधी गिट्टी फुगून पकड घ्यायला बघते, तेव्हा आजूबाजूचा ब्लॉकच चुरडतो.

तुमची भिंत कसली आहे हे ड्रिल मारताना खाली पडणारी भुकटी सांगते. तांबडी पडली तर वीट. करडी, आणि बिट पुढे सरकायला तयार नसेल तर काँक्रीट. पांढुरकी, पिठासारखी, आणि बिट लोण्यात शिरल्यासारखं आत गेलं तर एएसी. तिथं हॅमर बंद करून नुसतं फिरवून भोक पाडायचं, नाहीतर भोक मोठं होतं. गावभागाकडच्या जुन्या घरांत वीट मातीत बांधलेली असते, तिथं सांध्यात स्क्रू गेला तर धरायला काहीच नाही. आणि २०१९ च्या पुरात ज्यांच्या भिंतीत पाणी उभं राहिलं, त्यांनी आधी बोटाच्या पेराने गिलावा वाजवून बघा. पोकळ आवाज आला किंवा लोणा लागलेला दिसला, तर तो गिलावा काढल्याशिवाय तिथं टेबल नको.

उपाय म्हणून त्या घरात आम्ही ब्रॅकेट तेच ठेवले. प्रत्येक ब्रॅकेटच्या मागे चार सेंटिमीटर जाडीची सागवानी पट्टी उभी लावली, वरच्या फास्टनरपासून खालच्या टोकापर्यंत ६० सेंटिमीटर. ब्रॅकेट पट्टीत, पट्टी भिंतीत. पट्टीच्या जाडीने टेबल चार सेंटिमीटर पुढे आलं, म्हणून १८९० चे झाले सुमारे २०७०, ते आता १५ ऐवजी ६० ने भागा. भिंतीतून ओढ राहिली साडेचौतीस किलो, एका बाजूला साडेसतराच्याही आत. वर एएसीसाठीच बनवलेले लांब नायलॉन फास्टनर वापरले. भिंत चार इंचीच असेल आणि पलीकडची खोली आपलीच असेल, तर आरपार बोल्ट आणि मागे लोखंडी पट्टी, याला तोड नाही.

संयोजकांनी चिठ्ठी पाठवली आहे, दहा मिनिटं उरलीत. बिजागरी आणि सोफा दोन्ही राहिलेत, तेव्हा भराभर सांगतो.

ब्रॅकेटऐवजी साखळीवर टांगलेलं टेबल असेल, तर वरचा हूक जितका उंच तितकं बरं. कडा ४५ सेंटिमीटर बाहेर आणि हूक ४५ वर असेल, तर कडेवरच्या २० किलोला हूक २० किलोने बाहेर ओढला जातो. हूक निम्म्या उंचीवर आणला की ओढ दुप्पट. अशा टेबलात फळीच्या लांबीभर लागणारी पियानो बिजागरी मोडत नाही, तिचे स्क्रू निघतात. ते प्लायच्या जाडीत, म्हणजे थरांच्या मधे मारले की थर फाकतात. बिजागरीचं पान फळीच्या सपाट अंगावर बसवा. एमडीएफला तर हे कटाक्षाने पाळा.

सोफा-कम-बेडवर लिहिलेला आकडाही असाच अर्धवट. २०० किलो म्हणजे दोन माणसं सपाट झोपल्यावर सगळीकडे पसरलेलं वजन. पण सत्तर किलोचा माणूस पाय खाली सोडून ओढलेल्या भागाच्या कडेवर धपकन बसतो, तेव्हा क्षणभर त्याच्या वजनापेक्षा बराच जास्त भार एका कोपऱ्यावर येतो. म्हणून दुकानात झोपून बघू नका, कोपऱ्यावर बसून बघा. समोरचा कोपरा उचलला गेला किंवा पाय आत दुमडायला लागला, तर तो घेऊ नका. पाठ मागे पाडून पलंग होणाऱ्या प्रकारात पाठीच्या भागाखाली स्वतंत्र पाय हवा. तो नसेल तर सगळा भार खटक्याच्या दात्यांवर जातो, आणि दाते झिजले की पाठ आपोआप घसरते.

आणि सोफ्याखालच्या सामानाच्या खोक्याची फळी उचलणारा, ज्याला आपण हायड्रॉलिक म्हणतो तो गॅसचा दांडा. त्यावर ८०० एन लिहिलं असेल तर अंदाजे ८० किलोचा जोर. हा जोर फळी उचलायला मदत करण्यापुरता, झोपणाऱ्याचं वजन खालच्या चौकटीनेच पेलायचं असतं. दांड्यातला गॅस वर्षानुवर्षं हळूहळू कमी होतो. फळी पूर्ण उघडून हाताचा आधार हलकेच कमी करून बघा, ती खाली यायला लागली तर दांडे संपले. मग मुलांना त्या खोक्यात वाकून काही काढू देऊ नका, आणि दोन्ही बाजूंचे दांडे एकदमच बदला. एकच बदलला तर फळी तिरकी उचलली जाते आणि दुसऱ्या बाजूची बिजागरी पिळवटते.